पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून बोर्डाचा अंदाज: एक रेषा आणि तिने सोडलेले अवशेष

जानेवारीच्या अखेरीस पूर्वपरीक्षेचे पेपर वाटून झाले की वर्गाच्या दाराशी पालक थांबलेले असतात. प्रश्न एकच असतो: "सर, हिला गणितात ८० पैकी ४० पडलेत. बोर्डात किती पडतील?" बरीच वर्षं मी "वाढतील पाच-दहा" असं उत्तर देत असे. ते अगदीच चूक नव्हतं, पण मोघम होतं. त्यात आणखी एक अडचण होती. निकालानंतर कोणाचे गुण खरोखर चांगले वाढले आणि कोण अपेक्षेपेक्षा मागे पडलं, हे या "पाच-दहा"वरून कळत नसे. हे दोन्ही प्रश्न एका सरळ रेषेने सुटतात. एक्सेलची एक शीट आणि मागच्या वर्षीची गुणयादी एवढं असलं की ती काढता येते.

इथे मी दहावीचा गणित विषय घेतला आहे. बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० मिळून लेखी ८० गुण होतात. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळाच देते. खाली दिलेली बारा मुलांची यादी समजावून सांगण्यासाठी मी तयार केली आहे, पण तिची ठेवण नेहमीच्या वर्गासारखीच आहे.

आधी यादी नीट करा

दोन रकाने लागतात, एक पूर्वपरीक्षेच्या लेखी गुणांचा आणि दुसरा बोर्डाच्या लेखी गुणांचा. दोन्ही ८० पैकीच हवेत. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर गणिताचे १०० पैकी गुण छापलेले असतात आणि त्यात अंतर्गत गुण मिसळलेले असतात. घाईत तेच उतरवले, की एका रकान्यात ८० पैकी आणि दुसऱ्यात १०० पैकी असे गुण येतात. अंतर्गत गुण बहुतेक मुलांना सतरा-अठराच्या आसपास असतात. त्यामुळे सगळी रेषा तेवढी वर उचलली जाते आणि बोर्डात सगळ्यांचीच मोठी झेप झाल्यासारखी दिसते. शाळेच्या नोंदीत अंतर्गत गुण असतातच. ते प्रत्येकाच्या गुणांतून वजा करा आणि मगच रेषा काढा.

पूर्वपरीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाला शून्य लिहू नका. शून्य म्हणजे पेपर दिला आणि एकही गुण मिळाला नाही. गैरहजर मुलाची ओळ यादीतून काढूनच टाका. असं एकच शून्य राहिलं तरी त्या मुलाचे बोर्डातले ५० गुण रेषेचं डावं टोक वर खेचून धरतात.

रेषा कशी काढायची

आपल्या यादीत पूर्वपरीक्षेची सरासरी ४५ आहे आणि बोर्डाची ५२. म्हणजे वर्ग सरासरीने ७ गुणांनी वर गेला. आता प्रत्येक मुलाचं सरासरीपासूनचं अंतर काढा. क्रमांक १ला पूर्वपरीक्षेत १८ गुण होते, म्हणजे सरासरीच्या २७ खाली. बोर्डात त्याला ३४ मिळाले, म्हणजे १८ खाली. या दोन अंतरांचा गुणाकार ४८६ येतो. असे बाराही मुलांचे गुणाकार करून बेरीज केली की २५९९ मिळतात. पूर्वपरीक्षेच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली की ३३२२ मिळतात. पहिल्या बेरजेला दुसरीने भागलं की ०.७८२ येतं. हाच रेषेचा चढ, जो आपण दहावीच्या निर्देशक भूमितीत शिकवतो. ही रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून, म्हणजे (४५, ५२) मधून जाते. म्हणून ५२ मधून ०.७८२ गुणिले ४५ वजा केले की १६.७९ उरतात. रेषा उभ्या अक्षाला तिथे छेदते.

```
y = 16.79 + 0.782x
```

एक्सेलमध्ये B रकान्यात पूर्वपरीक्षा आणि C रकान्यात बोर्ड असेल, तर हेच काम तीन सूत्रं करतात.

```
G1:  =SLOPE(C2:C13,B2:B13)
G2:  =INTERCEPT(C2:C13,B2:B13)
G3:  =STEYX(C2:C13,B2:B13)
```

कंसात आधी C म्हणजे ज्याचा अंदाज हवा तो रकाना, आणि मग B. हा क्रम उलटला तरी एक्सेल तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसरीच रेषा देतं. आपल्या यादीत क्रम उलटला तर चढ १.११ येतो. चढ एकाहून जास्त दिसला तर सगळ्यात आधी हा क्रम तपासा. एकदा तरी कागदावर हाताने बेरीज करून बघा असं मी सांगतो ते याचसाठी. आकडा कुठून आला हे माहीत असलं की चुकीचा आकडा आपोआप डोळ्यांत भरतो.

पुढे D2 मध्ये अंदाज आणि E2 मध्ये अवशेष लिहून खाली ओढा. अवशेष म्हणजे मिळालेल्या गुणांतून रेषेने सांगितलेले गुण वजा केल्यावर जे उरतं ते.

```
D2:  =$G$2+$G$1*B2
E2:  =C2-D2
```

सगळी यादी अशी दिसते:

| क्रमांक | पूर्वपरीक्षा | बोर्ड | वाढ | अंदाज | अवशेष |
|---|---|---|---|---|---|
| १ | १८ | ३४ | +१६ | ३०.९ | +३.१ |
| २ | २४ | ३१ | +७ | ३५.६ | −४.६ |
| ३ | ३० | ४० | +१० | ४०.३ | −०.३ |
| ४ | ३४ | ४९ | +१५ | ४३.४ | +५.६ |
| ५ | ३८ | ४४ | +६ | ४६.५ | −२.५ |
| ६ | ४३ | ५३ | +१० | ५०.४ | +२.६ |
| ७ | ४६ | ५५ | +९ | ५२.८ | +२.२ |
| ८ | ५० | ४२ | −८ | ५५.९ | −१३.९ |
| ९ | ५५ | ६४ | +९ | ५९.८ | +४.२ |
| १० | ६० | ६६ | +६ | ६३.७ | +२.३ |
| ११ | ६६ | ७० | +४ | ६८.४ | +१.६ |
| १२ | ७६ | ७६ | ० | ७६.३ | −०.३ |

अवशेषांची बेरीज शून्य यायला हवी. ती तशी येत नसेल तर सूत्रात कुठेतरी `$` राहिला आहे किंवा एखादी ओळ सुटली आहे.

'वाढ' या रकान्याने फसू नका

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही. क्रमांक २ बघा. २४ वरून ३१, म्हणजे ७ गुण वाढले. शिक्षक-पालक सभेत आपण त्या मुलीचं कौतुक करू. वर्गाची सरासरी वाढही ७ च आहे, तेव्हा सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण २४ गुणांवर असलेल्या मुलीकडून रेषेची अपेक्षा ३५.६ ची होती, म्हणजे जवळपास साडेअकरा गुणांच्या वाढीची. ती साडेचार गुणांनी मागे राहिली. उलट क्रमांक ११ फक्त ४ गुणांनी वाढला, तरीही तो अपेक्षेच्या दीड गुण पुढेच आहे. क्रमांक १२ चा एकही गुण वाढला नाही, पण तो नेमका रेषेवर आहे. त्याच्याबद्दल काळजीचं काही कारण नाही.

असं का होतं? चढ एकाहून कमी आहे म्हणून. पूर्वपरीक्षेत एक गुण जास्त असणाऱ्याला बोर्डात सरासरीने पाऊणएक गुणच जास्त मिळतो. पूर्वपरीक्षेच्या प्रत्येक आकड्यात अभ्यासाबरोबर त्या दिवसाचाही वाटा असतो. कोणाला ताप असतो, कोणाचा नेमका न केलेला प्रश्न येतो, तर कोणाचं सगळं जुळून येतं. यादीच्या तळाशी वाईट दिवस गेलेली मुलं जास्त सापडतात आणि वरच्या टोकाला चांगला दिवस लाभलेली. पुढच्या परीक्षेत तो दिवस बदलतो आणि दोन्ही टोकं मधल्या भागाकडे सरकतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, आणि या पद्धतीचं 'रिग्रेशन' हे नावही तिथूनच आलं. आपल्याकडे त्याला समाश्रयण म्हणतात.

म्हणून पूर्वपरीक्षेत नापास झालेल्या मुलांसाठी जादा तासिका घेऊन "सरासरी १२ गुण वाढले" असं कोणी सांगितलं, तर त्यातले बरेचसे गुण तासिका नसत्या तरी वाढले असते. तासिकांचा उपयोग झाला का, हे त्या मुलांचे अवशेष सांगतात. मात्र त्यासाठी तासिका सुरू होण्यापूर्वीच्या बॅचवरून काढलेली रेषा वापरावी लागते.

अवशेषांचा आलेख वाचताना

आडव्या अक्षावर पूर्वपरीक्षेचे गुण आणि उभ्या अक्षावर अवशेष घेऊन स्कॅटर आलेख काढा. ठिपके शून्याच्या रेषेवर-खाली कसेही विखुरलेले असले, तर रेषेने आपलं काम नीट केलं आहे. त्यात काही ठेवण दिसली तर थांबून बघायला हवं.

आपल्या आलेखात पहिली नजर क्रमांक ८ वर जाते. −१३.९. `STEYX` ने दिलेला आकडा ५.५ आहे. ठिपके रेषेपासून साधारण किती लांब पडतात, याचं ते माप आहे. क्रमांक ८ त्याच्या अडीचपट लांब आहे. माझा नियम साधा आहे: दुपटीच्या पलीकडे गेलेल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र चौकशी करायची, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. आधी मूळ कागदावरून आकडा पुन्हा बघायचा, कारण ५२ चे ४२ किंवा २४ चे ४२ उतरवताना सहज होतात. मग बीजगणित आणि भूमितीचे गुण वेगवेगळे बघायचे. दोन्हीकडे सारखेच कमी झाले असतील तर त्या आठवड्यात मुलाच्या घरी किंवा तब्येतीत काय चाललं होतं, हे वर्गशिक्षकांना विचारायचं. फक्त भूमितीत २५ चे ११ झाले असतील तर संशय उत्तरपत्रिकेवर जातो. पुरवणी सुटली का, एखादा प्रश्न तपासायचा राहिला का? अशा वेळी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्यात अर्थ आहे, आणि त्यासाठीची मुदत निकालानंतर लवकर संपते. म्हणून हा आलेख निकालाच्या आठवड्यातच काढायचा.

आता क्रमांक ८ ला बाजूला ठेवून रेषा पुन्हा काढा. चढ ०.७८ चा ०.८१ होतो, फारसा हलत नाही. पण ठिपक्यांचं ते माप ५.५ वरून एकदम ३.१ वर येतं. एका मुलाने रेषा वाकवली नाही, पण सगळ्या वर्गाच्या अंदाजातली अनिश्चितता मात्र फुगवली. तो यादीच्या मधोमध, सरासरीजवळ होता, म्हणून असं झालं. सी-सॉच्या खुंटीजवळ बसलेलं मूल फळी फारशी झुकवू शकत नाही.

टोकाला बसलेलं मूल झुकवू शकतं, आणि तिथे धोका जास्त असतो. क्रमांक १२ ला बोर्डात ७६ ऐवजी ६२ मिळाले असं धरा. तो १४ गुणांनी घसरला, पण त्याचा अवशेष −९ च येतो, कारण रेषा त्याच्याकडे झुकते आणि चढ ०.६५ वर उतरतो. घसरणीचा काही भाग रेषेनेच पोटात घातला. दुसऱ्या टोकाला क्रमांक १ चा +३.१ सुद्धा त्यामुळे +०.८ होतो. त्या मुलाचं काही बदललेलं नसतं, तरी त्याची प्रगती कागदावरून गायब होते. म्हणून यादीतल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दोन-तीन मुलांचा अवशेष बघताना, त्या मुलाला वगळून काढलेल्या रेषेशीही एकदा ताडून बघावा. शीटची एक प्रत करून त्यातून ती ओळ काढली की झालं.

दुसरी खूण वरच्या टोकाला आहे. क्रमांक ९ पासून अवशेष +४.२, +२.३, +१.६, −०.३ असे ओळीने उतरत जातात. ८० च्या वर कोणालाच जाता येत नाही, तेव्हा वरच्या मुलांना वाढायला जागाच उरत नाही आणि ठिपके छताला टेकू लागतात. चार ठिपक्यांवरून मी ठाम काही म्हणणार नाही. पण चाळीस मुलांच्या वर्गात आलेखाची अशी कमान दिसली, म्हणजे मधले ठिपके शून्याच्या वर आणि दोन्ही टोकांचे खाली गेले, तर ६५ च्या वरच्या मुलांसाठी ही रेषा वापरायची नाही. खालच्या बाजूला उलट चित्र आहे. तिथे अवशेष +५.६ पासून −४.६ पर्यंत उड्या मारतात. पूर्वपरीक्षेत तिशीत असलेल्या मुलाचे शेवटचे पाच आठवडे कसे जातील, हे पूर्वपरीक्षेला माहीत नसतं. त्यामुळे त्याचा अंदाज सांगताना पल्ला मोठा ठेवायचा.

यंदाच्या मुलांसाठी वापरताना

ही रेषा मागच्या वर्षीच्या बॅचची आहे. यंदाच्या मुलीला पूर्वपरीक्षेत ४० आहेत. १६.७९ अधिक ०.७८२ गुणिले ४० केले की ४८ येतात. हा आकडा एकटा सांगणं बरोबर नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची जागाही सांगायला हवी. बारा मुलांच्या यादीत ती जागा `STEYX` च्या सुमारे सव्वादोन पटींपेक्षा थोडी जास्त धरावी लागते, कारण ठिपक्यांच्या विखुरण्याबरोबर एवढ्या थोड्या मुलांवरून काढलेली रेषाही थोडी डळमळीत असते. सगळे बारा धरले तर ४८ च्या दोन्ही बाजूंना सुमारे १३ गुण, म्हणजे ३५ ते ६१. इतका रुंद पल्ला ऐकून पालक नाराज होतात. क्रमांक ८ च्या घसरणीचं ठोस कारण सापडलं असेल, समजा तो परीक्षेच्या आधी आठवडाभर दवाखान्यात होता, तर त्याला वगळून काढलेल्या रेषेवरून अंदाज ४९ आणि पल्ला ४२ ते ५७ येतो. कारण सापडलं नसेल तर मात्र त्याला वगळायचं नाही. यंदाही एखाद्याचं तसंच होऊ शकतं आणि पल्ल्यात त्याची जागा असायला हवी.

पूर्वपरीक्षेत १८ पेक्षा कमी किंवा ७६ पेक्षा जास्त गुण असलेल्या मुलांसाठी या रेषेवरून काहीच सांगू नका. शून्य गुणांना बोर्डात १६.७९ मिळतील असं रेषा म्हणते, पण तो फक्त तिला उभं राहायला लागलेला टेकू आहे. तसं कोणी यादीत नव्हतंच.

आणखी एक तपासणी निकालानंतर करायची. मागच्या वर्षीची रेषा यंदाच्या मुलांना लावून त्यांचे अवशेष काढा आणि त्यांची सरासरी घ्या. ज्या बॅचवरून रेषा काढली तिच्या अवशेषांची सरासरी नेहमी शून्यच येते, पण नव्या बॅचची तशी येईलच असं नाही. ती −४ आली आणि ठिपके शून्याऐवजी −४ च्या वर-खाली तसेच विखुरलेले असले, तर सगळी मुलं एकदम कमजोर झाली असं समजू नका. पूर्वपरीक्षेचा पेपर आपण यंदा सोपा काढला, तपासणी सैल झाली, किंवा बोर्डाचा पेपर अवघड गेला, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. अशा वेळी प्रत्येकाच्या अवशेषात ४ मिळवून मगच मुला-मुलांची तुलना करायची. ती सरासरी एखाद्याच तुकडीत −४ आणि बाकीच्या तुकड्यांत शून्याजवळ असेल, तर त्या तुकडीची पूर्वपरीक्षा कोणी तपासली हे आधी बघा आणि शिकवण्याबद्दल नंतर बोला. एकाच पेपरला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत चार गुणांचा फरक पडणं नवीन नाही.

मी दरवर्षी शीटमध्ये 'कारण' नावाचा एक जादा रकाना ठेवतो. ज्यांचा अवशेष दुपटीच्या पलीकडे गेला, त्यांच्यापुढे चौकशीत जे कळलं ते दोन शब्दांत लिहितो: 'कावीळ', 'पुरवणी', 'शाळा बदलली', 'सापडलं नाही'. तीन बॅचेस एकत्र झाल्या की सव्वाशेच्या आसपास ओळी होतात, रेषेचा डळमळीतपणा बराच कमी होतो आणि दोन्ही बाजूंची जागा `STEYX` च्या दुपटीपर्यंत धरली तरी चालते. दाराशी थांबलेल्या त्या आईला तेव्हा मी सांगतो: "पन्नासच्या आसपास धरा. बेचाळीसच्या खाली गेली तर मला येऊन भेटा, आपण पेपरची छायाप्रत मागवू."